जुना ब्लॉग उतरवतोय, डोमेनही सोडून द्यावं का?

येऊरवाला (ठाणे)

येऊरचे पक्षी आणि ठाणे खाडीतले रोहित यांवर २०११ पासून स्वतःच्या डॉट कॉम डोमेनवर वर्डप्रेसचा ब्लॉग आहे. लिहिणं थांबून बरीच वर्षं झाली. होस्टिंगची मुदत नोव्हेंबरात संपते, डोमेनची जानेवारीत. दोन्ही बंद करून मोकळं व्हावं असं मला वाटतं, बायकोला वाटतं डोमेन ठेवावं. त्याच डोमेनवर माझा एक ईमेल पत्ता आहे, पण तो फारसा वापरत नाही. तुमचं काय मत?

फापटपसारा_नको

सोडा की! दोन्हीकडचं ऑटो-रिन्यू बंद करा, मुदत संपू द्या, विषय मिटला. डोमेनचे हजार-दीड हजार, होस्टिंगचे त्याहून जास्त, आणि हे दरवर्षी, कुणी वाचत नसताना. डोमेन म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणून रडायचं.

ऐरोली_नाईटशिफ्ट

होस्टिंगबद्दल सहमत, डोमेनबद्दल अजिबात नाही. लोक या दोन गोष्टी एकाच दमात बोलतात, पण धोका त्यातल्या एकाच गोष्टीत आहे.

येऊरवाला, ब्लॉग गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. अडचण त्या "फारसा वापरत नाही" पत्त्याची आहे. डोमेन उद्या दुसऱ्याने घेतलं, की त्या डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर आलेलं पत्र एकाच पेटीत गोळा करणं हे त्याच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे. मग तो एखाद्या जुन्या साइटवर तुमचा पत्ता टाकतो आणि "पासवर्ड विसरलात?" दाबतो. लिंक त्याच्याकडेच येते. यात हॅकिंग काहीच नाही, साइटच्या दृष्टीने तोच खरा मालक. आणि तुमचा पत्ता काय होता हे त्याला ब्लॉगच्या "संपर्क" पानाच्या जुन्या प्रतीतून सहज कळतं.

बँक मोबाइलवर ओटीपी मागेल, तिथे कदाचित वाचाल. २०१२ साली उघडलेलं फोटो साठवण्याचं खातं काहीच मागणार नाही.

फापटपसारा_नको

उगाच घाबरवताय. एका पक्षीवाल्याचं टाकून दिलेलं डोमेन कोण कशाला घेईल? आणि मुदत संपली म्हणून लगेच कुणाला मिळतही नाही. अडीच महिने ते तसंच पडून असतं, तेवढ्यात हवं तर परत घेता येतं. मी स्वतः डोमेन सोडलंय, आजतागायत काही झालं नाही.

कोपरीकर

कोण घेईल ते मी सांगतो. आमच्या मेव्हण्याचा केटरिंगचा धंदा. त्याने साइट बंद केली, डोमेनकडे दुर्लक्ष केलं. काही महिन्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, तुम्ही कॅसिनो कधीपासून चालवता?" साइट उघडली तर वर त्याच्याच फर्मचं नाव आणि खाली पत्त्यांचे जुगार. दोन मंगल कार्यालयांच्या साइटवर त्याची लिंक अजून तशीच होती, लोक तिथून यायचे. घेणाऱ्याला त्या लिंकाच हव्या होत्या, पुरणपोळीशी त्याला काय देणंघेणं.

हे सांगून मला विचारायचं होतं, की ते डोमेन आता परत मिळवता येईल का?

ऐरोली_नाईटशिफ्ट

कोपरीकर, नव्या मालकाने विकायला काढलं तरच, आणि तो म्हणेल त्या भावाला. फर्मचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं असेल तर तक्रारीचा रस्ता आहे, पण तो खर्चिक. मेव्हण्यांनी आधी मंगल कार्यालयवाल्यांना फोन करून त्या लिंका काढायला सांगाव्यात, ते फुकट होतं.

फापटपसारा, तुमचे अडीच महिने अर्धवट खरे आहेत. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस ते नाव धरून ठेवू शकतो, या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात परत मिळतं. मग ३० दिवस असे, की फक्त जुन्या मालकालाच मिळतं, तेही चांगला भुर्दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच नाही. त्यानंतर नाव मोकळं होतं. पण पहिला टप्पा पूर्ण ४५ दिवसांचा ठेवावा असं रजिस्ट्रारवर बंधन नाही. शिवाय पुष्कळ रजिस्ट्रार नाव मोकळं होण्याची वाटच बघत नाहीत, पहिल्याच टप्प्यात लिलावाला काढतात. जिंकणाऱ्याला ते थेट, २०११ च्या नोंदणी तारखेसह मिळतं. ज्या नावाला जुनी तारीख आहे आणि बाहेरून लिंका आहेत त्याला गिऱ्हाईक असतंच. म्हणजे "मुदत संपू द्या" हा सोडून देण्याचा स्वच्छ मार्ग नव्हेच, बऱ्याचदा ती नकळत केलेली विक्री असते आणि पैसे तिसऱ्याला मिळतात.

खरंच सोडायचं असेल तर रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डोमेन डिलीट करायची सोय आहे का ते बघा. सगळीकडे नसते. असेल तर नाव लिलावाला न जाता सरळ त्या ३० अधिक ५ दिवसांच्या रांगेत जातं. मोकळं झाल्यावर मात्र जगातलं कोणीही उचलू शकतं, ते टळत नाही.

वाशीची_वाचक

अहो पण ब्लॉग काढायचाच कशाला? माझा २००८ चा ब्लॉगस्पॉटवरचा ब्लॉग अजून आहे, एक रुपया लागत नाही! खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ साली. त्याआधी ऐरोलीच्या बाजूला किती रोहित उतरायचे याच्या नोंदी तुमच्याकडे असतील, त्या पुसून टाकणार? ईबर्डवर जुन्या तारखेच्या याद्याही टाकता येतात. मराठीत असं लिहिणारे आधीच कमी.

ऐरोली_नाईटशिफ्ट

ताई, प्रश्न ठेवण्या-काढण्याचा नव्हता, पण मुद्दा कामाचा काढलात. हलवायचं असेल तर होस्टिंग चालू आहे तोवरच हलवा. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्टमधून जी फाइल मिळते तिच्यात मजकूर असतो, फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. दुसऱ्या वर्डप्रेसवर ती फाइल चढवली, की तो जुन्या साइटवर जाऊन फोटो ओढून आणतो. जुनी साइट बंद असेल तर लेख येतात आणि फोटोंच्या जागा रिकाम्या राहतात. पक्ष्यांच्या ब्लॉगचं मग उरलं काय! म्हणून `wp-content/uploads` हे फोल्डर वेगळं उतरवून घ्या, डेटाबेसची प्रतही घ्या. होस्टिंगवाल्याकडच्या बॅकअपवर विसंबू नका, खात्याबरोबर तोही जातो.

आणि ती एक्स्पोर्ट फाइल जशीच्या तशी कुणाला देऊ नका. प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाचा ईमेल आणि आयपी पत्ता तिच्यात असतो.

येऊरवाला (ठाणे)

काल रात्री ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत डोमेनचं नाव शोधलं. वीजबिल, एक जुनं डिमॅट खातं, दोन खरेदीच्या साइट आणि कहर म्हणजे डोमेनच्या रजिस्ट्रारकडचं खातं, हे सगळं त्याच पत्त्यावर आहे. बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं. पेटी होस्टिंगवरच आहे. म्हणजे होस्टिंग गेलं की पेटीही जाणार ना?

आणखी एक. मी मागेच `robots.txt` मध्ये सगळं बंद केलं होतं, तरी गूगलवर जुन्या लेखांचे दुवे दिसतातच. असं का?

ऐरोली_नाईटशिफ्ट

हो, पेटी जाणार. रजिस्ट्रारकडचा पत्ता आजच बदला, बाकी सगळं नंतर. मुदतीची सूचना तिकडेच येते, आणि मुदत संपल्यावर डोमेन बंद पडलं तर त्यावरची पेटीही बंद, म्हणजे शेवटची सूचना नेमकी पोचत नाही.

मग जुनी पत्रं थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्या. त्यानंतर डोमेनची ईमेल नोंद होस्टिंगवरून काढून एखाद्या फॉरवर्डिंग सेवेकडे वळवा. क्लाउडफ्लेअर हे फुकट करतं, काही रजिस्ट्रारही करतात. कॅच-ऑल चालू ठेवा, म्हणजे तुम्ही विसरलेल्या पत्त्यांवर येणारंही जीमेलमध्ये दिसेल. आणि हे पूर्ण वर्षभर बघा. कमी का नको, तर काही ठिकाणांहून वर्षातून एकदाच पत्र येतं: विम्याचा हप्ता, मार्चनंतरचं विवरणपत्र, नाहीतर एखाद्या सेवेची वार्षिक आठवण. जे येईल तिथे जाऊन पत्ता बदलायचा. खातीच नको असतील तर बंद करायची.

गूगलचं असं, की `robots.txt` ने तुम्ही त्याला दारातच अडवलंत. पान आत आहे की गेलं हे त्याला कळतच नाही, म्हणून जुना दुवा तो तसाच ठेवतो. ती अडवणूक काढा आणि पान कायमचं गेलंय असं उत्तर द्या. प्रती घेऊन झाल्यावर `.htaccess` मधला वर्डप्रेसचा भाग काढून त्या जागी हे टाका:

```
RewriteEngine On
RewriteRule ^ - [G]
```

लागू झालं का ते असं बघायचं (तुमचं डोमेन घालून):

```
curl -I https://example.com/
```

पहिल्या ओळीत `410` दिसायला हवं. घाई असेल तर सर्च कन्सोलमधून तात्पुरतं काढण्याची विनंती करता येते, ती साधारण सहा महिने टिकते. पण त्यासाठी डोमेन तुमच्या ताब्यात असल्याचं सिद्ध करावं लागतं, म्हणून तेही आताच. नोव्हेंबरपर्यंत हे चालू द्या. मग डोमेनमधली जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवणारी नोंद पुसा आणि त्यानंतरच होस्टिंग रद्द करा. नोंद तशीच राहिली आणि त्या पत्त्यावर उद्या दुसरं कुणी बसलं, तर तुमच्या नावाने त्याची पानं दिसू शकतात. कार्डावरचं किंवा यूपीआयचं ऑटोपेही वेगळं बंद करा.

फापटपसारा_नको

ईमेलचा मुद्दा मान्य. पण वर्षभराने पेटीत काहीच येईनासं झालं, तर तेव्हा तरी सोडायचं की नाही?

ऐरोली_नाईटशिफ्ट

नुसतं विषयाचं नाव असेल तर सोडा. डोमेनमध्ये आडनाव असेल तर मी सोडणार नाही. बाहेरच्या लिंका राहतातच, आणि कोपरीकरांच्या मेव्हण्यासारखं आपल्या आडनावाखाली पत्ते पिसलेले मला बघायचे नाहीत. डॉट कॉमचं एका वेळी दहा वर्षांपर्यंतचं भरता येतं. ब्लॉगशिवायचं नुसतं डोमेन, कटकट काहीच नाही.

फापटपसारा_नको

आणि तुमच्या पश्चात कोण भरणार? मुलाला तो पासवर्डसुद्धा माहीत नसेल. तेव्हा लिलाव होणारच, फक्त बघायला तुम्ही नसाल. त्यापेक्षा हयातीत, खाती हलवून, लिंका काढायला सांगून, स्वतःच्या हाताने डिलीट केलेलं बरं.

कोपरीकर

लिंका काढायला सांगणं एवढं सोपं नाही हो. एका कार्यालयवाल्याने फोनवरच सांगितलं, "आमची साइट कोण सांभाळतं तेच आम्हाला माहीत नाही."

येऊरवाला (ठाणे)

रजिस्ट्रारकडचा पत्ता बदलला. होस्टिंग नोव्हेंबरात बंद, डोमेन जानेवारीत फक्त एका वर्षासाठी वाढवतोय. त्यात आडनाव आहे, त्यामुळे पुढच्या जानेवारीत घरात हा वाद पुन्हा होणार. वाशीच्या ताई, जुन्या वह्यांमध्ये तारीख आणि जागा आहे, पण वेळ लिहिलेली नाही. ईबर्डवर तशा याद्या चालतात का?

वाशीची_वाचक

चालतात. यादी भरताना हिस्टॉरिकल हा प्रकार निवडा, त्यात वेळ नसली तरी चालतं. आकडा नक्की नसेल तिथे अंदाज ठोकू नका, पक्षी दिसला एवढीच खूण करा.