डोड्याचं पाणी: झाडाचं बोंड, मग सोडताना एवढे हाल का?

संकेश्वरचा_ढाबेवाला:
हायवेला माझा ढाबा आहे. मारवाडकडचे ड्रायव्हर डोड्याचं पाणी पितात, ते वर्षानुवर्षं बघतोय. आता माझ्याच आचाऱ्याला ते लागलंय. तो म्हणतो, अफूचं वाळलेलं बोंड तर आहे, चहासारखंच, मनात आणलं की सोडीन. मागच्या महिन्यात लग्नाला गेला, तिथं दोन दिवस मिळालं नाही तर रात्रभर हातपाय आपटत होता. झाडपाल्यानं असं कसं होतं? की मनाचा कमकुवतपणा आहे?

आप्पा_खानापूर:
मनाचाच. माझे आजोबा रोज संध्याकाळी हरभऱ्याएवढी अफूची गोळी घ्यायचे. त्या काळी परवान्यावर मिळायची. ऐंशी वर्षं जगले, शेत केलं, कुणावर हात उगारला नाही. जुन्या बायका तान्ह्या पोरांनासुद्धा बाळागोळी द्यायच्या, पोर शांत झोपायचं. राजस्थानात तर पाहुण्याच्या ओंजळीत घोळलेली अफू ओतायची रीत आहे, काठेवाडात कसुंबा. शेकडो वर्षं चाललेल्या गोष्टीला आज व्यसन म्हणायचं हे मला पटत नाही. दारूनं घरं बुडाली, अफूनं बुडालेलं घर दाखवा.

चिक्कोडी_मेडिकल:
आप्पांचं थोडं बरोबर आहे. बोंडाला चिरा देऊन चीक आधीच काढलेला असतो, म्हणजे खरी अफू त्यातच गेली. उरलेल्या डोड्यात मॉर्फिन अगदी थोडं. तेवढ्यानं शरीराला सवय लागणार नाही. हातपाय आपटतोय म्हणजे डोड्यात कुणीतरी गोळ्या कुटून मिसळल्या असणार. त्याला जुलाब थांबवायची गोळी आणि अंगदुखीला ट्रामाडोल द्या, चार दिवसांत सुटेल.

वॉर्डातली_अक्का:
धारवाडला व्यसनमुक्ती वॉर्डात अकरा वर्षं नर्स होते, म्हणून लिहिते. डोड्यात मॉर्फिन कमी हे खरं, भेसळ होते हेही खरं. पण माणूस चिमूटभर डोडा घेत नाही. तो मूठभर घेतो, दिवसातून दोनतीनदा घेतो, आणि मॉर्फिन पाण्यात उतरतं. प्रमाण कमी म्हणून तो जास्त पितो, एवढाच फरक. वर प्रत्येक पोत्याचा कस वेगळा. या खेपेला पचलेला ग्लास पुढच्या खेपेला दुप्पट ताकदीचा असू शकतो आणि चवीवरून ते कळत नाही.

ट्रामाडोल मात्र कृपा करून देऊ नका. ते त्याच कुळातलं आहे. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्याला कारणं आहेत. डोडा सोडून ट्रामाडोलवर अडकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांना परत सगळं पहिल्यापासून सोसावं लागलं, वर त्या गोळ्यांनी फिट येतात ते वेगळंच.

आता मनाच्या कमकुवतपणाचं. रोज अफू घेणाऱ्या आईचं बाळ जन्मल्यावर दोनतीन दिवसांत थरथरायला लागतं, कर्कश रडतं, दूध टिकत नाही, जुलाब होतात. त्या बाळाला मन कुठलं आणि निश्चय कुठला? नाळ कापली, अफू बंद झाली, शरीर बिथरलं. मोठ्या माणसाचंही तेच होतं.

ढाबेवाले भाऊ, तुमच्याकडं ड्रायव्हर येतात म्हणून त्यांच्या भाषेत सांगते. अफू ब्रेकसारखी असते. मेंदूच्या बुडाशी जाग, नाडी, घाम, भीती सांभाळणारी जागा आहे, तिच्यावर ती दाबून बसते. पण रोजची कामं तर चालली पाहिजेत, म्हणून शरीर हळूहळू एक्सिलेटर वाढवतं. महिन्यादोनमहिन्यांत ब्रेकही दाबलेला आणि एक्सिलेटरही दाबलेला, गाडी बाहेरून नीट चाललेली दिसते. जुना ग्लास आता पुरत नाही, याचं कारणही तेच. मग एक दिवस ग्लास मिळत नाही. ब्रेक सुटतो, एक्सिलेटर तसाच राहतो. नाडी पळते, घाम फुटतो, झोप उडते. आतड्याचंही तसंच. अफूनं आतडं मंदावतं, म्हणून तर जुने लोक हगवणीवर ती द्यायचे. आतडं त्या मंदपणाविरुद्ध जोर लावायला शिकतं आणि अफू काढली की तो सगळा जोर जुलाबातून बाहेर येतो.

गोकाकची_सुमन:
मी घाबरले वाचून. दिवाळीला आम्ही अनारशाला खसखस लावतो, बाळंतिणीला खसखशीची खीर देतो. ते पण बंद करू का? माझ्या सासूबाईंना रोज लागते ती खीर.

वॉर्डातली_अक्का:
सुमनताई, अनारसे निवांत करा. चीक बोंडाच्या सालीत असतो, दाण्यात नाही. कायद्यानंही खसखस वगळलेली आहे. दुकानातली स्वच्छ खसखस स्वयंपाकाच्या मापात खाऊन हे होत नाही.

निपाणी_गॅरेज:
अक्कांनी सांगितलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा यमगर्णीच्या पुलावर आली आणि हायवे बंद पडला. गाड्यांची रांग माझ्या गॅरेजपर्यंत. त्यात नागौरकडचा एक ड्रायव्हर होता, पंचेचाळिशीचा, संगमरवर घेऊन बेंगळुरूला निघालेला. सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास डोडा, वीस वर्षांची सवय. पिशवी संपली. शेवटचा ग्लास रात्री आठला घेतला, हे तो नंतर बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभयांवर जांभया, डोळ्यांतून नाकातून पाणी. आम्ही म्हटलं पावसानं सर्दी झाली. दुपारपासून घाम, आणि घाम आलेला असताना अंगावर काटा, सोललेल्या कोंबडीसारखा. रात्री पाय झाडत बसला, पोटऱ्यांत हाडं पिळतायत म्हणायचा. तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. पुराचं पाणी सगळीकडं, त्यामुळं आम्हाला वाटलं पटकीच झाली, शेजारचे लोक लांब सरकले. आमच्या गल्लीतले कंपाउंडर आले. ताप बघितला तर नाही. मग भर उजेडात त्याचे डोळे बघितले, बाहुल्या मोठ्या झालेल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा काय खातो ते विचारा. तेव्हा क्लीनरनं सांगितलं.

मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं दिलं. तो रडत होता, एवढा मोठा माणूस, आई आई करत. ती रात्र सगळ्यात वाईट. पाचव्या दिवशी जुलाब कमी झाले, सहाव्या दिवशी दहीभात खाल्ला. झोप मात्र नाहीच. रस्ता सुटला, तो गेला.

खरी गोष्ट पुढं आहे. चार दिवसांनी क्लीनरचा फोन आला. पुढं कुठंतरी डोडा मिळाला, त्यानं जुन्या मापानंच घेतला. केबिनमध्ये घोरत पडला, हलवून उठेना, ओठ काळेनिळे. दवाखान्यात नेला म्हणून वाचला.

वॉर्डातली_अक्का:
कंपाउंडरनी बरोबर ओळखलं. जांभया, नाक गळणं, काटा आणि मोठ्या बाहुल्या एकत्र दिसल्या, ताप नसला, की पुराच्या जुलाबापेक्षा हे वेगळं आहे असं समजावं. वेळही बघा. शेवटच्या ग्लासानंतर आठ-बारा तासांत सुरू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवड्याभरात शरीर उतरतं. झोप आणि ओढ कित्येक आठवडे छळतात, आणि बहुतेक जण तेव्हाच परत घेतात.

पुढचं जे झालं तेच मला सगळ्यात भीतीचं वाटतं. अफू सुटताना धडधाकट माणूस सहसा मरत नाही, अंगातलं पाणी संपू दिलं नाही तर. सुटल्यानंतर मरतो. आठ-दहा दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते, माणूस जुन्या अंदाजानं ग्लास भरतो आणि श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असली तर आणखी लवकर. विचित्र घोरणं, टाचणीएवढ्या बाहुल्या, निळे ओठ दिसले तर झोपू दे म्हणू नका, 108 ला फोन करा आणि कुशीवर वळवून जवळ बसा. आप्पांनी बाळागोळीचं लिहिलं. शांत झोपलेल्या पोरांतली काही उठलीच नाहीत, त्यामागंही श्वास मंदावणंच असायचं.

आप्पा_खानापूर:
बाळागोळीचं मी मागं घेतो. आजोबांचं मात्र नाही. त्यांना कधी असे हाल झालेले आम्ही बघितले नाहीत.

वॉर्डातली_अक्का:
कारण त्यांची गोळी कधी चुकली नाही, आप्पा. परवाना होता, माल एकाच कसाचा होता, रोज ठरल्या वेळी मिळत होता. अवलंबून असणं पुरवठा चालू असेपर्यंत दिसत नाही. राजस्थानात डोड्याची परवाना दुकानं 2016 च्या मार्चअखेर बंद झाली. तोवर तिथंही कित्येक म्हातारे तुमच्या आजोबांसारखेच निरोगी दिसत होते.

आप्पा_खानापूर:
मग दुकानं बंद करून काय मिळवलं? सत्तर वर्षांच्या माणसाला शेवटच्या दिवसांत तळमळायला लावलं आणि धंदा चोरट्यांच्या हातात दिला.

वॉर्डातली_अक्का:
इथं मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. आधी उपचाराची सोय आणि मग कुलूप, असं हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला डोड्यावरच ठेवायचं का, यावर आमच्या वॉर्डातही दोन मतं होती. काही डॉक्टर जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी लांब काळ चालू ठेवायच्या बाजूचे, काही हळूहळू सगळंच बंद करायच्या. मी पहिल्या बाजूची.

चिक्कोडी_मेडिकल:
ब्युप्रेनॉर्फिन पण त्याच कुळातलं ना? मग माझ्या ट्रामाडोलवर राग आणि याला परवानगी?

वॉर्डातली_अक्का:
प्रश्न रास्त आहे. ही गोळी ब्रेक अर्धाच दाबते आणि एकदा घेतली की दिवसभर पुरते. त्यामुळं चढ-उतार जातो आणि एकट्या तिनं श्वास थांबायची भीती खूप कमी असते. पण ती डॉक्टरसमोरच सुरू करावी लागते. त्रास नीट सुरू व्हायच्या आधी दिली तर ती अंगातल्या मॉर्फिनला जागेवरून ढकलते आणि सगळे हाल अर्ध्या तासात उसळतात. म्हणून घरी प्रयोग नको. काहींना नाडी-घाम आवरणारं क्लोनिडीन देऊन आठवडा काढतात, पण त्यानं रक्तदाब पडतो, तो मोजत राहावा लागतो.

संकेश्वरचा_ढाबेवाला:
आचाऱ्याला निपाणीच्या ड्रायव्हरची गोष्ट वाचून दाखवली. गप्प बसला. मग म्हणाला, लग्नातही पहिल्यांदा जांभयाच आल्या होत्या. तो चाळिशीचा आहे, रोज तीन ग्लास. जायला तयार आहे, पण पोलीस धरतील म्हणून घाबरतो.

वॉर्डातली_अक्का:
स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेलेल्या माणसाला कायद्याच्या 64अ कलमात संरक्षण आहे, सेवन किंवा थोड्या मालापुरतं. व्यापाराला नाही. आणि भाऊ, तुमच्या ढाब्यावर माहीत असून डोडा चालू दिला तर जागेचा मालक म्हणून तुमच्यावरही येऊ शकतं, ते आजच बंद करा. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. आधी बोलायचं असेल तर 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. तोपर्यंत त्यानं एकदम तोडू नये आणि एकट्यानं खोलीत कोंडून घेऊ नये. कधी, किती घेतो ते वहीत लिहून न्यायला सांगा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

आप्पा_खानापूर:
एक आठवलं म्हणून परत आलो. आजोबांचा मांडीचा सांधा मोडला तेव्हा बेळगावला ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री ते पलंगावर पाय झाडत होते, नाक गळत होतं, सारखे जांभया देत होते. आम्ही हाडाचं दुखणं समजलो. गोळीची डबी घरी राहिली होती.