‘सिंकिंग फंड’मध्ये नेमके काय बुडते?

मैत्रेयी: हिशेबशास्त्राच्या पुस्तकाचे भाषांतर करताना ‘सिंकिंग फंड’ या शब्दापाशी अडले आहे. पुढे येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला गुंतवून साठवलेला हा निधी. कर्जरोख्यांच्या प्रकरणात मी ‘कर्जनिवारण निधी’ लिहिले. पण पुढच्याच प्रकरणात जुने यंत्र बदलण्यासाठी हाच निधी येतो आणि तिथे कर्ज कुठेच नाही. संपादक ‘बुडीत निधी’ सुचवतात.

रानवाटा: ‘बुडीत’ मुळीच नको. बुडीत म्हणजे परत न येणारे. इथे पैसा साठतो. 18व्या शतकात ब्रिटनमध्ये वॉलपोलच्या काळात सरकारी कर्ज उतरवण्यासाठी असा निधी उभारला गेला. खाली जाते ते कर्ज, निधी नव्हे. यंत्रासाठी सरळ ‘घसारा निधी’ म्हणावे, दोन्ही एकच.

लेखणी: रानवाटा, पहिला भाग बरोबर, दुसरा अर्धाच. घसारा ही वहीतली नोंद आहे. तिने तिजोरीत एक पैसाही येत नाही. तेवढीच रक्कम दरवर्षी धंद्याबाहेर गुंतवली, तरच मुदतीला रोकड हाती येते. शिवाय रोखे फेडल्यावर निधीतली शिल्लक सर्वसाधारण राखीव निधीत जाते, तर यंत्राच्या बाबतीत ती जुन्या यंत्राच्या खात्यावर वळती होऊन संपते. म्हणून ‘परतफेड निधी’ आणि ‘यंत्रबदल निधी’ असे दोन शब्द मला योग्य वाटतात.

छापखानेवाला: मी यंत्रासाठी नेमाने पैसे साठवले होते, पण हिशेब जुन्या खरेदी किमतीवर केला होता. मुदत भरली तेव्हा नव्या यंत्राची किंमत बरीच वाढलेली होती. निधी पुरा भरूनही अपुरा पडला, याला कोणता शब्द आहे?

मैत्रेयी: त्याला शब्द मिळाला तर मलाही हवा आहे. आणखी एक अडचण: दरवर्षी भरायच्या रकमेला ‘हप्ता’ म्हणावे का?

लेखणी: म्हणू नये. हप्ता ऐकला की वाचकाला सावकाराला दिलेला पैसा आठवतो. हा पैसा आपलाच राहतो आणि व्याज कमावतो. ‘वार्षिक भरणा’ म्हणा, पण तो वर्षारंभी की वर्षअखेर, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 5 वर्षांनी 10 लाख हवे आहेत आणि व्याज 8 टक्के आहे, असे धरा. वर्षअखेरीचा भरणा सुमारे 1,70,456 येतो, कारण शेवटच्या भरण्याला व्याजच मिळत नाही. वर्षारंभी भरल्यास 1,57,830 पुरतात. एकाने हा दुसरा आकडा धरून वर्षअखेर पैसे भरले, तर मुदतीला सुमारे 9,25,926 जमतात, म्हणजे 74,074 कमी, आणि ती तूट रोखे फेडायच्या दिवशीच उघड होते.

रानवाटा: ‘भरणा’ही बँकेच्या खिडकीवरचा शब्द झाला. ‘ठेव’ का नको?

लेखणी: ठेव मोडता येते. हा निधी मोडला, तर त्याचा उद्देशच गेला.

मैत्रेयी: तूर्त ‘वार्षिक भरणा, वर्षअखेर’ असे लिहिले आहे. शीर्षकाची जागा मात्र अजून कोरीच आहे.