मदत हवी आहे: पडद्यावर ७० गुण, ग्रेड मात्र ए

आमच्या कॉलेजचा निकाल मी एक्सेलमध्ये लावते. तक्त्यात फक्त खालच्या सीमा आहेत: ६० ला ए, ७० ला ए प्लस. एका परीक्षकाने फार कडक तपासलं म्हणून मॉडरेटरने त्याच्या गठ्ठ्याला ५ टक्के वाढ दिली. एका मुलीचे मूळ ६६.३ होते, ते ६९.६१५ झाले. सेलमध्ये दशांश लपवलेले, म्हणून दिसतात ७०, पण सूत्र खरा आकडा बघतं आणि ए देतं.

```
=VLOOKUP(D2,$H$2:$I$8,2,TRUE)
```

`D2` च्या जागी `ROUND(D2,0)` घातलं की ए प्लस येतो. पण सहकारी म्हणतात, आधी मूळ गुण पूर्णांकात आणा, मग वाढ द्या. तसं केलं तर ६६ चे ६९.३, म्हणजे पुन्हा ए! क्रम बदलला की ग्रेड बदलते.

नियमावलीत फक्त 'पूर्णांकात रूपांतर करावे' एवढंच आहे, कधी ते नाही. तुमच्याकडे कोणता क्रम पाळतात? आणि निकालपत्रकात मूळ गुण, वाढ, अंतिम गुण असे वेगळे रकाने ठेवता का? पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला तर मला नुसती ग्रेड दाखवून भागणार नाही. सोमवारी पत्रक सहीला जायचंय.