लोणच्याची बरणी १४० वरून १३१: भाव उतरवू की वजन वाढवू?

बंदररस्ता: मालवणात लोणचं-जॅमचं छोटं युनिट आहे, बाजारात स्वतःचं दुकान. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणचं, जॅम, मसाला काजू यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साधे काजू ५ वर होते, तिथेच राहिले. पापड आधीपासूनच शून्यावर. कैरीचं लोणचं १४० ला विकतो. रोजचं गिऱ्हाईक हाच भाव धरून येतं. भाव उतरवू, की १४० ठेवून ग्रॅम वाढवू? एकजण म्हणतो, सरळ सात टक्के काप.

हिशेबनीस: सात टक्के कापू नका. १४० मध्ये कर आधीच बसलेला आहे. १.१२ ने भागलंत की १२५ उरतात, त्यावर ५ टक्के म्हणजे १३१ रुपये २५ पैसे. उतार सव्वासहा टक्क्यांचा. सात कापलेत तर १३०.२० येतील आणि बरणीमागे रुपया तुमच्या खिशातून जाईल. सुटे पैसे सोडून १३१ लावा, आणि सगळ्या मालाचे भाव एकाच दिवशी बदला. आज लोणचं, परवा जॅम असं केलंत की गिऱ्हाईक प्रत्येक वस्तूला हुज्जत घालणार.

दर्यावर्दी: माझं उलट मत. आमचा गिराइक भाव लक्षात ठेवता, वजन नाय. १४० तसेच ठेवा नि बरणी मोठी करा. आणि कसला फायदा? बरणी-झाकणावर १८ टक्केच भरावे लागतात. खर्च वाढला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

हिशेबनीस: बरणीवरचा १८ टक्के खर्च नव्हे, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून तो वजा होतो. आता विक्रीवरचा कर ५ असल्याने ते क्रेडिट साचून राहील आणि पैसा अडकेल, हे खरं. त्यासाठी परताव्याचा अर्ज करता येतो. वजनाचं म्हणाल तर नव्या मापाची बरणी, नवं लेबल, त्यावर दर ग्रॅमची किंमतही नवी. एवढं करून जुन्या बरणीशेजारी नवी ठेवलीत की गिऱ्हाईक विचारणार, ही जुनी छोटी का?

गुहागरची आत्या: माझा बचत गट आहे, जीएसटी नंबरच नाही. मग मी पण लोणचं ५ टक्क्यांनी स्वस्त करायचं का?

हिशेबनीस: आत्या, तुम्ही गिऱ्हाइकाकडून कर घेतच नव्हता, तर कमी कशातून करणार? तुमच्या खरेदीत जे स्वस्त झालं असेल तेवढाच प्रश्न. खोकी १२ वरून ५ वर आली, ती बिलं बघा.

दर्यावर्दी: भाव नाही उतरवला तर नफेखोरीची तक्रार होते ना? मग भीतीने तरी उतरवावा लागेल.

हिशेबनीस: १ एप्रिल २०२५ पासून तशा नव्या तक्रारी स्वीकारत नाहीत. भीती कायद्याची कमी, शेजारच्या दुकानाची जास्त.

बंदररस्ता: माझी खरी अडचण स्टँडजवळच्या टपऱ्यांची. त्यांच्याकडे माझ्या दोनशे बरण्या १४० छापलेल्या पडून आहेत. दुकानात १३१, टपरीवर १४०. काल एक बाई दोन्ही बरण्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यातली खोटी कुठली?

हिशेबनीस: आता मुद्द्यावर आलात. शिल्लक मालावर नवं स्टिकर सक्तीचं नाही, पण लावा. त्याची मुभा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचीच. जुनी छापील किंमत झाकायची नाही, दोन्ही दिसल्या पाहिजेत. गिऱ्हाइकालाही तेच पटतं: १४० खाली, १३१ वर, कर उतरला. साध्या काजूच्या बरणीशेजारी मात्र पाटी हवी, ‘आधीच ५ टक्के’, नाहीतर मसाला काजू उतरले नि हे का नाहीत, हे दिवसभर सांगत बसाल.

टपरीवाला_कणकवली: आमची बाजू पण ऐका. बरणी मी ११२ ला घेत होतो, १४० ला विकायचो, २८ सुटायचे. आता १०५ ला मिळेल, १३१ ला विकायची, २६ सुटतील. मी नोंदणीकृत नाही, क्रेडिट मला मिळत नाही. मोठ्या दुकानदाराला दोन्ही वेळा कर वजा जाता जवळपास २५ सुटतात. त्याचं काही बिघडलं नाही, माझे दोन रुपये गेले. मी स्टिकर का लावू?

हिशेबनीस: हिशेब तुमचा बरोबर आहे. टपऱ्यांना बरणी १०५ ऐवजी १०३ ला दिली तर २८ परत बसतात. बंदररस्तांना बरणीमागे दोनेक रुपये जातील, पण बाजारात एकच भाव दिसेल.

दर्यावर्दी: मग मोठा दुकानदार पण १०३ मागणार! एकाला दिलंस की सगळ्यांना.

बंदररस्ता: ती भीती मलाही आहे. तूर्त दोनशे जुन्या बरण्यांपुरताच फरक उधारीत वळता करतो, स्टिकर स्वतः जाऊन लावतो. नव्या मालाचं दिवाळीनंतर बघू.

टपरीवाला_कणकवली: दिवाळीत तर पर्यटक येतात. तेव्हाच माझ्याकडे नवा माल असेल.