मदत हवी आहे: ताईच्या फ्लॅटबद्दल वकिलांचं पत्र आलंय, त्यातलं 'आज' समजत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार. माझी ताई साताऱ्यात असते. गेल्या वर्षी दाजी अचानक गेले, मुलगी नऊ वर्षांची आहे. फ्लॅट दाजींनी लग्नाआधी, 2013 साली, कर्ज काढून स्वतःच्या नावावर घेतला होता. तेव्हा सोसायटीत नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव दिलं, ते तसंच राहिलं. सासू-सासरे दिवसांना आले ते तिथेच राहिलेत. आता दीर हक्कसोडपत्र तयार करून घेऊन आलेत. ताईने स्वतःची सही करायची, शिवाय मुलीची पालक म्हणूनही.

आम्ही वकिलांचा लेखी सल्ला घेतला. पत्रातला मुख्य भाग असा:

"फ्लॅट आपल्या यजमानांच्या स्वकमाईचा असून त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. म्हणून आपण, आपली मुलगी व आपल्या सासूबाई यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होतो. सासरे व दीर यांचा आज हिस्सा नाही. नॉमिनी असल्याने सासरे मालक होत नाहीत. हक्कसोडपत्रावर सही करू नये. मुलीचा हिस्सा तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आपल्यालाही सोडता येणार नाही."

ताई रात्रभर झोपली नाही. सासूबाईंना खरंच तिसरा हिस्सा? आणि 'आज' नाही म्हणजे उद्या असेल का? कुलूप बदललं तर काय करायचं?

पाटणकर_दादा
वकील चुकतोय. बायको-मुलं असताना आईबापांना काही मिळत नाही. माझ्या चुलतभावाच्या वेळी सोसायटीने सगळं वहिनीच्या नावावर केलं. सही करू नका, एवढं मात्र बरोबर आहे.

सुलभा_फोंडा
माझे यजमान गेले तेव्हा अर्धं घर आधीपासून माझंच धरलं गेलं, उरलेलं मुलांना मिळालं. सासूबाईंचं नाव कुठेच आलं नाही. ताईला अर्धं मागायला सांग रे.

जुना_वकील
सुलभाताई, गोव्याचा कायदा वेगळा आहे, तिथे लग्नानंतर दोघांची सगळी मिळकत सामाईक धरतात. साताऱ्यात तो चालणार नाही.

पाटणकर, वडिलांबाबत तुमचं बरोबर आहे, आईबाबत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आई ही पत्नी आणि मुलांच्या जोडीने पहिल्या वर्गात बसते, वडील दुसऱ्या वर्गात. तुमच्या वहिनींच्या सासूबाई तेव्हा हयात होत्या का? आणि सोसायटीने दाखल्यावर नाव लावलं म्हणजे मालकी ठरली असं होत नाही.

कृष्णाकाठ, 'आज' हा शब्द वकिलांनी जाणून लिहिलाय. सासूबाईंचा तिसरा हिस्सा पूर्णपणे त्यांचा आहे, तो त्या मृत्युपत्राने धाकट्या मुलाला देऊ शकतात. मृत्युपत्र न करता गेल्या, तर तो सासरे, दीर आणि तुमची भाची यांच्यात सारखा वाटला जाईल, म्हणजे फ्लॅटचा एक नवमांश प्रत्येकी. दाजींना बहीण असेल तर वाटे चार होतील. भाचीला तिथेही वडिलांच्या जागी वाटा आहे, हे दीर सांगणार नाहीत. सासूबाई हिस्सा विकायला निघाल्या, तर आधी विकत घेण्याचा हक्क ताई आणि मुलीचा.

कुलपाबद्दल: ताई सहमालक आहे. वाटपाचा दावा न लावता तिला बाहेर काढता येत नाही, तशी तीही सासूबाईंना काढू शकत नाही. काढलंच तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. विधवेला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी खटल्यात 2022 साली स्पष्ट केलंय. उलट बाजूने ते ज्येष्ठ नागरिक म्हणून प्रांताकडे अर्ज करतील, तसं बरेचदा होतं. नोटीस आली तर तारीख चुकवू नका. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याआडून सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट डावलता येत नाही, असा 2020 चा निकाल आहे. पण हजर राहून तो मांडावा लागतो.

कृष्णाकाठ
खूप आभार. मुलीला सासूबाईंच्या वाट्यातूनही परत वाटा मिळू शकतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. सासरे म्हणतात पहिले सहा लाख त्यांनी चेकने दिले, म्हणून घर त्यांचं. आणि दाजी गेल्यापासून हप्ते ताई भरतेय.

जुना_वकील
खरेदीखत कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहतात. बापाने पैसे दिले एवढ्याने तो मालक होत नाही. पण ते पैसे उसने होते असं ते म्हणू शकतात, तेव्हा त्या वेळचं काही लिहिलेलं आहे का, यावर सगळं येईल. कागद न बघता मी बोलणार नाही. हप्ते ताईच्याच खात्यातून जाऊ देत, रोखीने देऊ नका. वाटपाच्या वेळी इतरांच्या वाट्याचे पैसे मागायला ती नोंद लागेल. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे बँकेत आजवर विचारलंय का?

पाटणकर_दादा
चुलतभावाची आई आधीच गेली होती, घरी विचारून घेतलं. माझं चुकलं.

कृष्णाकाठ
विम्याचं कोणीच विचारलं नव्हतं. सोमवारी बँकेत जातो. दीर बुधवारी रजिस्ट्रार कचेरीत बोलावतायत, ताई जाणार नाही. सासूबाई या सगळ्यात एक शब्द बोललेल्या नाहीत. ताई त्यांच्याशी एकटीच बोलणार आहे. तसं बोलावं का, की वकिलांमार्फतच, हे कोणी अनुभवलं असेल तर लिहा.