मदत हवी आहे: पुरणपोळीसाठी सामायिक किचन तासावर घ्यावं की महिन्यावर? आणि नोंदणी कोणाच्या नावाची चालते?

मृणाल_धायरी · १८ फेब्रुवारी २०२५

नमस्कार. तीन वर्षं घरून पुरणपोळ्या करून देते आहे. घरच्या पत्त्यावर अन्न नोंदणी आहे, वर्षाला १०० रुपयेवाली. आता दोन किराणा दुकानं आठवड्यातून दोनदा प्रत्येकी दीडशे पोळ्या मागतायत, म्हणजे एका दिवसाच्या ३००. घरात हे शक्य नाही. सोसायटीनेही सिलिंडरवरून टोकलं आहे.

दोन किचन पाहिली. पहिलं तासावर आहे: २५० रुपये तास, गॅस त्यातच, फ्रीज मिळणार नाही, सामान रोज न्यायचं-आणायचं. दुसरं महिन्यावर: १६,००० रुपये, रोज दुपारी २ ते रात्री ८ आपली वेळ, डिपॉझिट ५०,०००, गॅस आणि लाइट वेगळं, फ्रीजमध्ये दोन कप्पे आणि एक कुलपाचं कपाट.

पहिल्या किचनमध्ये मागच्या आठवड्यात सहा तास घेऊन १५० पोळ्या करून पाहिल्या. पुरणालाच इतका वेळ गेला की शेवटच्या पोळ्या तव्यावर असताना पुढची मंडळी भांडी घेऊन दारात उभी. घाईत कोमट पोळ्याच पाकिटात भरल्या. तिसऱ्या दिवशी दुकानातून ३० पैकी ११ पाकिटं परत आली. आतून पाण्याचे थेंब आणि पोळीच्या कडेला पांढरी बुरशी. दुकानदार चांगला म्हणून पैसे कापून थांबला, पण मला दोन रात्री झोप नाही.

तिथले मालक म्हणतात, "ताई, आमचं लायसन्स आहेच, पाकिटावर आमचा नंबर छापा, वेगळं काही करू नका." हे बरोबर आहे का? आणि दोन्हींतलं कुठलं घ्यावं? १३ मार्चला होळी आहे, त्याआधी ठरवायचं आहे.

निखिल_हिशेब

ताई, आधी आकडे. ३०० पोळ्यांना तुम्हाला साफसफाई धरून नऊ तास लागतील असं धरू. २५० ने दिवसाचे २,२५०. महिन्यात नऊ खेपा आल्या तर २०,२५०. मालक जीएसटीत असतील तर वर १८ टक्के, म्हणजे जवळपास २३,९००. तुम्ही स्वतः जीएसटीत नसाल तर तो कर परत मिळत नाही, तुमच्याच खिशातून जातो. आधी विचारून घ्या की २५० करासह की कराशिवाय.

महिन्याच्या किचनला १६,००० आणि दोन व्यावसायिक सिलिंडर धरा, साधारण १९,५०० च्या आसपास, वर लाइट. फरक फार नाही. करार मात्र लेखी आणि नोंदणीकृतच करा, लीव्ह अँड लायसन्स.

लायसन्सचं म्हणाल तर तासावर घेताना तुम्ही फक्त जागा आणि शेगडी वापरता, त्यामुळे मालकांचं लायसन्स पुरतं. महिन्यावर घेतलंत तरच स्वतःचं काढावं लागेल.

भटारखाना_सातारा

निखिलराव, हिशेब चोख आहे, पण शेवटचं वाक्य चुकलं. तास असो की महिना, त्याने काही बदलत नाही. नोंदणी दोन गोष्टींना चिकटलेली असते: धंदा कोण करतो आणि कुठल्या पत्त्यावर करतो. मालकाचं लायसन्स मालकाच्या धंद्याचं. मृणालताईंची घरची नोंदणी घरच्या पत्त्याची. किचनमध्ये पोळी लाटणाऱ्या मृणालताई, म्हणजे त्या पत्त्यावर त्यांच्या नावाची नोंदणी हवी. एका तासासाठी गेल्या तरी.

मालकाचा नंबर छापणं एकाच रीतीने चालतं. पोळ्या मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्या माणसांकडून करून द्यायच्या, पाकिटावर उत्पादक म्हणून त्यांचं नाव-पत्ता, आणि तुमचं नाव विक्री करणारे म्हणून. मग माल बिघडला तर जबाब त्यांनी द्यायचा. इथे तसं नाही. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर हेच मालक म्हणतील, "आमच्याकडे फक्त शेगडी भाड्याने होती." आणि नंबर दुसऱ्याचा छापलेला पाहून अधिकारी आधी तुम्हालाच उभं करतील.

एक करा. त्यांचा चौदा आकडी नंबर घेऊन foscos.fssai.gov.in वर टाका. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर नुसती नोंदणी. पत्ता, मुदत आणि धंद्याचा प्रकार तिथेच दिसतो.

मृणाल_धायरी

काका, लगेच पाहिलं. नंबर २ ने सुरू होतो! म्हणजे त्यांची नोंदणीच आहे, आणि प्रकारात केटरर लिहिलंय. मला तर भिंतीवर फ्रेम करून लावलेलं दाखवलं होतं. तासवाल्यांचा विषय मी सोडते. महिन्यावाल्या जागेसाठी मी नेमकं काय करायचं?

भटारखाना_सातारा

२ ने सुरू होणं हा गुन्हा नाही, छोट्या धंद्याला तेवढं पुरतं. पण ते त्यांचं आहे, तुमचं नाही, एवढाच मुद्दा.

तुमचं सध्या नोंदणीत बसतं. उलाढालीची मर्यादा आत्ता, २०२५ मध्ये, वर्षाला १२ लाख. पोळी ३० ला देत असाल तर आठवड्याचे १८,०००, वर्षाचे साडेनऊ लाखाच्या आत. होळी, श्रावण आणि घरची गिऱ्हाइकं धरून १२ च्या जवळ जाताय असं दिसलं की वाट न बघता राज्य लायसन्सचा अर्ज टाका. अर्जात धंद्याचा प्रकार उत्पादनाचा निवडा. घरगुती डब्याचा प्रकार टाकून दुकानात पाकिटं द्यायला लागलात की तिथेच गाडी अडते.

कागद म्हणजे फोटो, ओळखपत्र, आणि जागा वापरायला मालकाची संमती. संमतीपत्रात तुमची वेळ, कपाटाचा आणि फ्रीजच्या कप्प्यांचा उल्लेख लिहूनच घ्या. नोंदणी सात दिवसांत मिळायला हवी. पाहणी लावली तर महिनाभर जाऊ शकतो, म्हणून होळीच्या आधी हवी असेल तर उद्याच अर्ज टाका.

आता तुमच्या बुरशीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. तासावरच्या जागेत माणूस गार होण्याचा वेळ विकत घेत नाही. तव्यावरचा आणि लाटायचा वेळच मोजतो. पोळी वाफ धरून पाकिटात गेली की आत पाणी सुटणारच. ३०० पोळ्यांना साधारण सात किलो डाळ आणि सात किलो गूळ, म्हणजे वीसेक किलो पुरण. ते एका पातेल्यात ठेवलंत तर मध्यभागी चार तासांनीही हात भाजतो. परातीत किंवा ट्रेमध्ये दोन बोटं जाडीने पसरा, पंख्याखाली गार करा, मग झाकून फ्रीजमध्ये, पाच अंशांच्या आत.

महिन्याच्या जागेत हे दोन दिवसांत वाटता येतं. पहिल्या दिवशी नुसतं पुरण: शिजवणं, वाटणं, पसरणं, साफसफाई, साडेतीन तास. दुसऱ्या दिवशी दोन तवे, दोघी लाटणाऱ्या, ताशी ७५-८० पोळ्या धरा, म्हणजे चार तास. पहिल्या पोळ्या जाळीवर गार होत असताना पुढच्या तव्यावर. शेवटची पोळी गार व्हायला पाऊण तास आणि भरणं-पुसणं एक तास. सहा तासांत जेमतेम बसतं, म्हणून मधे कुणाचा फोन घेऊ नका.

चिंचवड_कार्यालय

आमचं मंगल कार्यालय आहे. मोठं स्वयंपाकघर लग्नाच्या तारखा सोडून रिकामंच असतं. ताई, तुम्ही आमच्याकडे या, गॅस बँक आहे, पाणी आहे. आणि भाडं किती घ्यावं हे कुणी सांगेल का? आमच्याकडे चार-पाच जणी विचारून गेल्या, पण नोंदणी कोणाची हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

भटारखाना_सातारा

तुमचा प्रश्न उलटा आहे, भाड्याने देणाऱ्याचा. पण चार-पाच जणींना एकाच स्वयंपाकघरात घेणार असाल तर आधी तुमच्या भागातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. मला दोन अनुभव आले. एकदा एकाच हॉलवर दोन नावांची नोंदणी वेळा वेगळ्या लिहून सरळ मिळाली. दुसऱ्या वेळी अधिकाऱ्यांनी प्रत्येकाचं कपाट, ओटा आणि फ्रीजची जागा दाखवणारा नकाशा मागितला. मी तरी नकाशा आधीच जोडतो.

सुनीता_वर्धा

मृणाल, किचन घेण्याआधी तिथे तुझ्या वेळेच्या अर्धा तास आधी जा. आधीच्या पाळीचे लोक कसं सोडून जातात ते पाहायचं. मी नागपुरात एका सामायिक किचनमध्ये वर्षभर दिवाळीचा फराळ केला. तिथे दुपारी मासळी तळायचे. ओटा पुसलेला असायचा, पण मिक्सरच्या झाकणाचं रबर काढून पाहिलं तेव्हा खाली काळा चिकट थर. फ्रीजच्या दाराच्या रबरात बोट फिरवलं की कळतं. तुझं शाकाहारी आहे, मग तवा, परात, लाटणी, पुरणयंत्र स्वतःचंच ने आणि कपाटात कुलूप लाव. पाकिटावर हिरवा ठिपका छापून मासळीच्या कढईशेजारी पुरण वाटणं मला तरी जमलं नाही, मी ते किचन सोडलं.

आणि आत शिरल्याबरोबर ओटा, जाळी, सिंक यांचे फोटो मोबाइलवर काढून मालकांना पाठवायचे. आधीच्यांची घाण आपल्या माथी नको.

मृणाल_धायरी

सुनीताताई, आज गेले होते. २ च्या आधी तिथे एकजण बेकरीचा माल करतो, त्यात अंडं असतं. ओव्हन वेगळा, पण सिंक एकच. पेस्ट कंट्रोलची शेवटची पावती मागितली, ती ऑगस्टची निघाली. पाण्याचा तपासणी अहवाल "बघून पाठवतो" म्हणाले.

भटारखाना_सातारा

अहवाल हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. पेस्ट कंट्रोल तुम्ही शिरायच्या आधी करून पावती द्यायची, असं करारात लिहा. सिंक एक असेल तर तुमच्या भांड्यांसाठी घासणी, टब आणि पुसायचं कापड वेगळं. अंड्याबद्दल अधिकारी काय म्हणतील हे मी छातीठोक सांगणार नाही, त्यांना विचारूनच ठिपका छापा.

दोघी लाटणाऱ्या बायकांची डॉक्टरकडून तपासणी करून दाखला घ्या, टायफॉइडची लस झालेली असू द्या. दाखला दरवर्षी नवा लागतो. पाहणीत हाच कागद पहिला मागतात आणि हाच बहुतेकांकडे नसतो.

निखिल_हिशेब

काका, माझं लायसन्सचं वाक्य चुकलं होतं, मान्य. ताई, डिपॉझिटचं एक बघा: नोंदणी नाकारली गेली तर पूर्ण रक्कम परत, ही अट आधी घाला. आणि होळीची मोठी ऑर्डर ११ महिन्यांचा करार न करता एक महिन्याच्या लेखी परवानगीवर करता येते का, ते मालकांना विचारा.

मृणाल_धायरी · २१ फेब्रुवारी

अर्ज काल टाकला. मालक एक महिना द्यायला तयार आहेत, पण १६,००० ऐवजी १९,००० म्हणतात. पाण्याचा अहवाल अजून आलेला नाही. दुकानदारांना सांगितलंय की होळीला ३०० नाही, घरून जमतील तेवढ्या ८० च देईन. अहवाल आला की इथेच कळवते.