कॅमेरा लागंना, पेपर दहाला

वैशाली (ए-१०४), ९:३८
कुणाकडं वेबकॅम आहे का? सृष्टीचा दहाला ऑनलाइन पेपर आणि लॅपटॉपचा कॅमेराच लागंना. परीक्षेच्या पानावर नुसता काळा चौकोन. पोरगी रडकुंडीला आलीय.

देसाई काका (बी-३०१), ९:३९
लॅपटॉप रिस्टार्ट करा.

पाटील (सी-२०२), ९:४०
आणि सी-३०२ मधलं ड्रिल आधी थांबवा. माइक चालू असतोय परीक्षेत.

राजू (सी-३०२), ९:४०
पाटीलसाहेब, फरशीच्या कामाला सेक्रेटरींची सही आहे. तुमची दुसरी गाडी कुणाच्या जागेत लागतीय, तेपण काढू का मग?

माने सेक्रेटरी, ९:४१
आधी पोरीचं बघूया. राजू, दहा ते साडेअकरा ड्रिल बंद ठेवा, विनंती आहे.

राजू (सी-३०२), ९:४१
वैनींसाठी ठेवतो. पाटलांसाठी नव्हे.

ओंकार (बी-२०३), ९:४२
काकू, मी येतोय. तोवर सृष्टीला विचारा, कॅमेऱ्याशेजारचा बारका दिवा लागलाय का?

देसाई काका (बी-३०१), ९:४२
रिस्टार्ट करा म्हणतोय मी.

वैशाली (ए-१०४), ९:४३
दिवा लागलाय. चित्र नाही.

जोशी मॅडम (ए-४०२), ९:४४
मोबाइलचाच कॅमेरा लॅपटॉपला जोडायचं अ‍ॅप मिळतं. माझा भाचा वापरतो.

ओंकार (बी-२०३), ९:४४
मॅडम, परीक्षेला ते नको. असं अ‍ॅप लॅपटॉपला आभासी कॅमेरा म्हणून दिसतं, आणि बऱ्याच परीक्षांचं सॉफ्टवेअर तसला कॅमेरा अडवतंय. पोरीवर नसता संशय यायचा.

कुलकर्णी (बी-१०१), ९:४५
लिफ्ट बंद आहे, ओंकार जिन्यानं पळतोय. नाद खुळा! मेंटेनन्स भरूनही लिफ्ट बंदच, एवढंच नोंदवतो.

माने सेक्रेटरी, ९:४५
कुलकर्णी, मेकॅनिक दुपारी येणार आहे. हे तिसऱ्यांदा सांगतोय.

वैशाली (ए-१०४), ९:४९
ओंकारनं विंडोजचं Camera उघडलं. तिथंपण चित्र नाही, 0xA00F4243 असा नंबर आला. तो बघून म्हणाला, "कॅमेरा मेला नाही, कुणीतरी धरून ठेवलाय."

देसाई काका (बी-३०१), ९:४९
म्हणूनच रिस्टार्ट.

वैशाली (ए-१०४), ९:५३
सापडलं! काल रात्री मैत्रिणींबरोबर व्हिडिओ कॉलवर अभ्यास केला आणि कॉल न तोडताच झाकण मिटलं. ते अ‍ॅप मागं तसंच चालू होतं. Ctrl+Shift+Esc दाबून यादीतून त्याला End task केलं. दिवा विझला.

वैशाली (ए-१०४), ९:५५
Camera मध्ये तोंड दिसायला लागलं, पण परीक्षेच्या पानावर अजून काळंच.

वैशाली (ए-१०४), ९:५७
झालं! मघाशी घाईत तिनं परवानगीच्या चौकटीत Block दाबलेलं. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर दाबून Camera चालू केला, पान पुन्हा लोड केलं, चेहरा आला. ओळखपत्र दाखवून आत गेली.

कुलकर्णी (बी-१०१), ९:५८
लई भारी ओंकार! मिसळ माझ्याकडून.

पाटील (सी-२०२), ९:५९
मिसळीवर खर्च होतोय, मेंटेनन्स मात्र उशिरा.

कुलकर्णी (बी-१०१), ९:५९
माझी पावती बघा आणि मग बोला. पोरीचा पेपर आहे म्हणून गप्प बसतोय.

देसाई काका (बी-३०१), १०:०४
माझं ऐकलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं.

ओंकार (बी-२०३), १०:१०
काका, तुमचा उपाय चुकीचा नव्हता, रिस्टार्टनं ते अ‍ॅप सुटलं असतंच. पण लॅपटॉपवर अपडेट थांबून होतं. रिस्टार्ट करताना ते सुरू झालं असतं तर दहाच्या आत लॅपटॉप हातात आला नसता. म्हणून ते शेवटासाठी ठेवलं.

देसाई काका (बी-३०१), १०:११
हे आधी सांगायचं रे.

जोशी मॅडम (ए-४०२), १०:१५
ओंकार, आमच्या चिन्मयचा शनिवारी पेपर आहे. दिवा लागलाच नाही तर काय करायचं?

ओंकार (बी-२०३), १०:२२
मॅडम, मग बहुतेक परवानगी नाहीतर बटण. काही लॅपटॉपला कीबोर्डवर कॅमेऱ्याचं चित्र असलेली की असते, चुकून दाबली जाते. ते नसेल तर Settings मध्ये Privacy मधलं Camera उघडा. तिथं डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण खाली असतंय, वरचं चालू दिसतं म्हणून लोक तेवढंच बघून येतात. आणि 0xA00F4244 आला तर लॅपटॉपला कॅमेरा सापडतच नाही. वायरीचा कॅमेरा असेल तर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावून बघा. दिवा लागून काळंच दिसत असेल तर आधी भिंगावरची सरकती पट्टी बघा.

जोशी मॅडम (ए-४०२), १०:२४
वायरीचाच आहे, हबमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी येशील का रे बघायला?

ओंकार (बी-२०३), १०:२५
येतो मॅडम, सातला. परीक्षेची लिंक आणि चिन्मयला दोघांना तयार ठेवा, त्याच ब्राउझरमध्ये बघू.

राजू (सी-३०२), ११:३१
वैनी, पेपर झाला काय? कारागीर विचारतोय.